जिभेची आग होते, पण तोंडात काहीच दिसत नाही. कारण शोधायचं कसं?

बेळगाव / प्रतिनिधी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याचा फोन आला. ‘अरे, गरम चहानं चटका बसल्यागत जिभेची आग आग व्हालीय बघ. आरशात बघितलं तर फोड नाही, लाल नाही, काही नाही. घरात सांगितलं तर कुणाला खरं वाटंना.’

आत्याचं वय 61. साखरेचा आजार 11 वर्षांपासून. पुढचे पाच महिने तिच्याबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या मी केल्या. त्यात समजलेली गोष्ट अशी, की ही तक्रार खूप लोकांना असते, विशेषतः पाळी बंद झालेल्या बायकांना. पण तोंडात काही दिसत नसल्यामुळे एकतर ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिली जाते, नाहीतर अंदाजानं औषधं सुरू होतात. खरं म्हणजे कारण शोधण्याचा एक ठरावीक क्रम आहे. तो चुकला की पैसे जातात आणि तपासणीचे आकडेही फसवतात. आत्याच्या बाबतीत दोन्ही झालं.

आग कशी होते, ते आधी लिहून काढा

या तक्रारीची एक ओळखीची चाल असते. आग जिभेच्या टोकाला आणि दोन्ही कडांना जास्त असते. कधी ओठांच्या आतल्या बाजूला आणि टाळूच्या पुढच्या भागातही होते. सकाळी उठल्यावर कमी असते, दिवस वर येईल तशी वाढत जाते आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त होते. नवल म्हणजे जेवताना किंवा तोंडात काहीतरी चघळताना ती बऱ्याच जणांना कमी वाटते. झोप लागली की त्रास सहसा झोपमोड करत नाही. सोबत तोंड कोरडं वाटणं आणि कडवट किंवा तांब्याच्या भांड्यासारखी चव येणं, हेही असतं.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेबाची सवय. आत्याला एक वही करून दिली. सकाळी, दुपारी आणि रात्री आग शून्य ते दहामध्ये किती, एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात सकाळी 2, दुपारी 4 आणि संध्याकाळी 7 असे आकडे आले. पुढं डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग याच वहीचा झाला, कारण औषध लागू पडतंय की नाही, हे नुसतं ‘जरा बरं वाटतंय’ यावरून कळत नाही.

आग एकाच बाजूला असेल, त्या बाजूची जीभ बधिर असेल, गाठ लागत असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ दाखवायला जा. तो वेगळा विषय आहे. अक्कलदाढ काढल्यानंतर एका बाजूची जीभ बधिर होऊन चुरचुरत असेल, तर जिभेच्या नसेला धक्का लागलेला असू शकतो. तेही लवकर सांगायला हवं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांना तिखट खाताना तोंडाची आग होत असेल, तर तोंड पूर्ण उघडतं का ते बघा. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठ होत जातं आणि तोंड कमी उघडू लागतं. सुरुवातीला वरवर बघणाऱ्याला ‘तोंड ठीक आहे’ असंच वाटतं. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांपासून सुपारी लपवू नका.

आत्यानं आधी काय काय केलं

आत्याला सुपारीचं व्यसन नाही. तिनं पहिल्या दोन महिन्यांत केलं ते असं. दात साफ करून घेतले. झोंबणारा माउथवॉश दिवसातून दोनदा वापरला, त्यानं आग वाढली. कुणीतरी बुरशी असेल म्हणालं, म्हणून तोंडात लावायचं औषध आणलं. मेडिकल दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल आणून रोज एक घेतली. एका ठिकाणी तर मागची कॅप बसवलेली दाढ काढून टाकू, असंही सुचवलं गेलं. दाढ दुखत नव्हती, म्हणून ती वाचली.

यातली सगळ्यात महाग पडलेली चूक दाढेची नाही, कॅप्सूलची होती. ती कशी, ते बघू.

पहिला शोध : बी-12 आणि लोह

जिभेवरच्या पेशी झपाट्यानं झिजतात आणि नव्या येतात. नवी पेशी तयार व्हायला बी-12 लागतं. नसांवरचं आवरण नीट राहायलाही बी-12 लागतं. कमतरता खूप वाढली, की जीभ गुळगुळीत आणि लालभडक होते, हे पुस्तकातलं चित्र. पण त्याच्या आधीच्या टप्प्यात जीभ दिसायला ठीक असते आणि आग मात्र सुरू झालेली असते. रक्तातलं हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीही हे होऊ शकतं.

बी-12 आपल्याला मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतून मिळतं. भाजी, डाळ, भाकरीतून मिळत नाही. रोजची गरज फार थोडी, दोन-अडीच मायक्रोग्राम, आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. म्हणून कमतरता हळूहळू येते आणि कळत नाही. शाकाहारी घरात दूध फक्त चहापुरतं असेल, तर वय वाढेल तसा साठा आटत जातो.

त्यात दोन औषधं भर घालतात. साखरेसाठी घेतात ती मेटफॉर्मिन आतड्यातून बी-12 शोषलं जाणं कमी करते. आणि अॅसिडिटीसाठी रोज सकाळी घेतात ती पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जठरातलं आम्ल कमी करते, तर अन्नातलं बी-12 सुटं व्हायला आम्ल लागतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं 2022 मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि धोका असलेल्या रुग्णांचं बी-12 वेळोवेळी तपासावं, असा सल्ला दिला होता. आत्या शाकाहारी, 11 वर्षं मेटफॉर्मिनवर आणि 4 वर्षं अॅसिडिटीच्या गोळीवर. म्हणजे तिन्ही बाजूंनी गळती.

तरीही रिपोर्ट आला तेव्हा बी-12 होतं 246 पिकोग्राम. लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ रकान्यात बसत होतं. साधारण 200 च्या खाली असेल तर कमतरता धरतात, 300 च्या वर असेल तर बहुतेक वेळा पुरेसं, आणि मधला पट्टा संशयाचा. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, ताकदीची गोळी वगैरे काही चालू होती काय?’ आत्यानं कॅप्सूलचं पाकीट दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘मग हा आकडा तुमचा नाही, कॅप्सूलचा आहे.’

बी-12 असलेली कॅप्सूल किंवा इंजेक्शन घेतलं, की रक्तातला आकडा वर जातो. पण पेशींमधली तूट भरून निघालेली असेलच असं नाही. त्यामुळे रक्त आधी द्यायचं आणि गोळी नंतर घ्यायची, हा क्रम पाळावा. गोळी आधीच सुरू झाली असेल, तर तसं स्पष्ट सांगावं.

अशा वेळी होमोसिस्टीन नावाची आणखी एक तपासणी करतात. बी-12 किंवा फॉलिक अॅसिड कमी असेल, तर हा पदार्थ रक्तात साठतो. साधारण 15 पर्यंत ठीक मानतात. आत्याचा आला 28. मूत्रपिंड बिघडलं असेल तरीही तो वाढतो, म्हणून क्रिएटिनीन बघितलं. ते आणि फॉलिक अॅसिड, दोन्ही ठीक होतं. म्हणजे बी-12 चीच तूट.

दुसरा चकवा रक्ताच्या साध्या तपासणीत होता. बी-12 कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, म्हणजे रिपोर्टमधला ‘एमसीव्ही’ आकडा 100 च्या वर जातो. आत्याचा होता 91, अगदी मधोमध. कारण तिचं लोहही कमी होतं. साठ्यातलं लोह दाखवणारं फेरिटिन फक्त 9 होतं. लोह कमी असलं की पेशी लहान होतात. एक कारण पेशी मोठी करतंय आणि दुसरं लहान, सरासरी मात्र नॉर्मल. आमच्या भाषेत सांगायचं तर जमा-खर्चाच्या दोन चुका एकमेकींना झाकून टाळेबंद जुळावा, तसं. लोहाच्या कमतरतेनंही जिभेची आग होते, म्हणून फेरिटिन वेगळं बघावं लागतं.

उपचार साधा होता. बी-12 ची 1000 मायक्रोग्रामची इंजेक्शनं पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, पुढं महिन्याला एक. लोहाची गोळी एक दिवसाआड. मेटफॉर्मिन बंद केली नाही, कारण साखरेवर ती चांगली लागू होती. अॅसिडिटीची गोळी रोज लागत नाही असं दिसल्यावर डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्यानं कमी केली. लोहाची गोळी रोजच्या चहाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, हेही त्यांनी बजावलं.

जिभेला फरक पडायला वेळ लागतो. आठ-दहा दिवसांत बरं वाटलं नाही म्हणून आत्या इंजेक्शन सोडायला निघाली होती. सहाव्या आठवड्यापासून वहीतला संध्याकाळचा आकडा 7 वरून खाली यायला लागला आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी 4 वर थांबला. पायाला येणाऱ्या मुंग्याही कमी झाल्या. त्या मुंग्यांबद्दल तिनं आधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुसरा शोध : तोंड खरंच कोरडं आहे, की कोरडं वाटतंय?

4 वर अडल्यावर डॉक्टरांनी लाळ मोजली. हा प्रकार आम्हाला नवीन होता. काही न खाता-पिता शांत बसायचं, काही चघळायचं नाही, आणि तोंडात जमेल ती लाळ 15 मिनिटं खुणा असलेल्या छोट्या कपात सोडत राहायचं. 15 मिनिटांत दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी आली, तर तोंड खरंच कोरडं आहे. आत्याची आली 1.2.

ही मोजणी का लागते? कारण जिभेची आग होणाऱ्या पुष्कळ लोकांना तोंड कोरडं ‘वाटतं’, पण मोजलं तर लाळ पुरेशी निघते. त्यांच्यात दोष लाळेचा नसतो, ओलावा जाणवून देणाऱ्या नसांचा असतो. अशांनी कितीही पाणी प्यालं तरी फरक पडत नाही. लाळ खरंच कमी असेल, तर मात्र अस्तरावर घर्षण होतं, बुरशी धरते, दात किडतात आणि त्याला कारण सापडण्याची शक्यता असते.

कारण बहुतेक वेळा घरातल्या औषधांच्या डब्यात असतं. म्हणून डॉक्टरकडे जाताना चिठ्ठी नको, सगळा डबाच न्या. आत्याच्या डब्यात लघवीची घाई होऊ नये म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिनची गोळी निघाली. ती मूत्राशयाच्या नसांना शांत करते, पण त्याच पद्धतीनं लाळग्रंथींनाही. सर्दी-अॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि अमिट्रिप्टिलीन यांचंही तसंच आहे. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना तोंडाची आग झाल्याचं नोंदलेलं आहे. पण यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. ती ज्यासाठी दिली आहे तो आजार जिभेपेक्षा मोठा असू शकतो.

लघवीची गोळी बदलून दुसऱ्या प्रकारची दिली. महिन्यानं लाळ पुन्हा मोजली, तेव्हा 3 मिलिलिटर आली. वहीतला आकडा 3 झाला. माउथवॉश बंद झाला होता. दात घासायला फेस कमी करणारी, झोंबणाऱ्या चवीची नसलेली पेस्ट सुरू केली. फेस आणणारं रसायन आणि दालचिनीचा अर्क काहींना सोसत नाही.

औषधांत कारण सापडलं नाही आणि लाळ कमीच असेल, तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, सांधे दुखतात का, हे विचारतात. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, असा शोग्रेन नावाचा एक आजार आहे आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्या वेगळ्या असतात. आत्याला तसं काही नव्हतं. थायरॉईडही ठीक होतं.

उरतं ते नसांचं

आता तूट भरली, लाळ आली, बुरशी नाही, साखर आटोक्यात. तरी 3 आहेच. इथं अनेक जण पुन्हा नव्यानं डॉक्टर बदलायला लागतात. पण हा शेवटचा भाग नसांचा असतो. रोज दोन तासांपेक्षा जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ आग होते, तोंडात काही दिसत नाही आणि वरची सगळी कारणं बाजूला झाली, तर त्याला इंग्रजीत ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. कुणाला सुरुवातीपासून एवढंच असतं. आत्यासारख्यांना आधीच्या कारणांखाली ते झाकलेलं असतं.

हे मनाचे खेळ नाहीत, याला पुरावा आहे. 2005 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा वरच्या थरात उष्णता आणि वेदना ओळखणारे बारीक नसतंतू निरोगी माणसांपेक्षा बरेच कमी सापडले. साध्या तोंड-तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ते दिसत नाही. म्हणजे चटका बसलेला नाही, पण चटक्याची घंटा वाजवणारी तारच बिघडली आहे.

काही डॉक्टर एक साधी चाचणी करतात. जिभेला बधिर करणारं जेल लावून बघतात. आग थांबली, तर बिघाड जिभेतल्या नसांत आहे असं समजतात आणि तिथंच लागू पडणारं औषध निवडतात. आग तशीच राहिली किंवा वाढली, तर बिघाड वर मेंदूकडच्या मार्गात असू शकतो. मग पोटातून घ्यायची नसांची औषधं देतात. आत्याची आग जेलनं दहा मिनिटं जवळजवळ गेली.

मग तिला क्लोनाझेपामची गोळी दिली, पण गिळायला नाही. गोळी जिभेवर विरघळवायची, ती लाळ दुखऱ्या जागी तीन मिनिटं धरायची आणि थुंकून टाकायची. 2004 मध्ये फ्रान्समध्ये या पद्धतीची चाचणी झाली होती. त्यात 1 मिलिग्रामची गोळी दिवसातून तीनदा अशी वापरून, खोट्या गोळीच्या तुलनेत आग कमी झाल्याचं दिसलं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. ही झोपेच्या गोळ्यांच्या गटातली आहे. थुंकली तरी थोडी अंगात जातेच, सवय लागू शकते आणि वयस्कर माणसाला झोक जाऊन पडायची भीती असते. त्यामुळे मात्रा आणि मुदत डॉक्टरच ठरवतात. आत्याला अर्धा मिलिग्राम रात्री, असं सुरू करून वाढवलं.

अल्फा लिपोइक अॅसिडच्या कॅप्सूलबद्दल बरंच बोललं जातं. पण काही अभ्यासांत गुण आला आणि काहींत खोट्या गोळीइतकाच. अमिट्रिप्टिलीन नसांच्या दुखण्यावर चालते, पण तोंड कोरडं करते, म्हणून लाळ आधीच कमी असलेल्यांना जपून. काहींना समुपदेशनाचाही फायदा होतो. त्रास खोटा आहे म्हणून नव्हे, तर लक्ष आणि भीती यांनी आग वाढते म्हणून.

आज काय स्थिती

आत्याच्या वहीत सध्या संध्याकाळी 1 किंवा 2 असतं. पूर्ण गेलेलं नाही. नसांचा भाग एकदम नाहीसा होणं कमी जणांना जमतं, हळूहळू कमी होणं जास्त जणांना, हे डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिखट तिनं कमी केलंय, आणि जिभेला फार वाटलं तर बर्फाचा छोटा तुकडा चघळते.

एक गोष्ट तिनं शेवटपर्यंत कुणाला विचारली नव्हती. शेवटच्या फेरीत दार ओढून घेत तिनं विचारलं, ‘बाई, कॅन्सर तर नव्हे न्हवं?’ बाईंनी पुन्हा एकदा जीभ कापडात धरून, बाजू ओढून, बोटानं चाचपून दाखवलं आणि म्हणाल्या, ‘नाही मावशी. असली आग त्यात बदलत नाही.’ घरी येताना बसमध्ये आत्या म्हणाली, ‘पाच महिने मी एवढंच ऐकायला थांबले होते बघ की.’

घरात कुणी अशी तक्रार सांगत असेल, तर कॅप्सूल आणायच्या आधी रक्त द्या, औषधांचा डबा बरोबर न्या आणि वही सुरू करा. जिभेला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांना ही भीती त्याच दिवशी विचारून टाका.

(या लेखातली मात्रा आणि आकडे माहितीसाठी आहेत. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं.)